एक किलो मटार म्हणजे नक्की किती मटार?

पाककृतीत ‘अर्धा किलो मटार’ असं लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमकं काय होतं ते आपल्याला कळत नाही. शेंगा अर्धा किलो, की सोललेले दाणे अर्धा किलो? दुकानातलं फ्रोजन मटारचं पाकीट अर्ध्या किलोचं असतं, ते सरळ कढईत रिकामं करायचं का? आणि डबाबंद मटार आणले, तर डब्यावर जे वजन छापलंय त्यातलं पाणी धरायचं की ओतून द्यायचं? या तिन्ही ‘अर्ध्या किलों’मध्ये हातात येणारे दाणे दोनशे ग्रॅमपासून पाचशे ग्रॅमपर्यंत काहीही असू शकतात. घरच्या चार माणसांच्या उसळीत हा फरक खपून जातो. वीस माणसांचं जेवण असलं की मात्र पुलावात मटार शोधावे लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशीही तीच उसळ खावी लागते.

हिशोब अवघड नाही. तिन्ही प्रकारांत वजनातून काहीतरी वजा होतं, ते वेगवेगळ्या ठिकाणी होतं एवढंच. ताज्या शेंगेतून टरफल वजा होतं आणि डब्यातून पाणी. फ्रोजन पाकिटातून जवळजवळ काहीच वजा होत नाही, कारण सोलणं-निवडणं कारखान्यातच उरकलेलं असतं. म्हणून कुठलाही अदलाबदलीचा हिशोब करताना मधलं माप एकच ठेवावं : सोललेल्या, निथळलेल्या दाण्यांचं वजन. शेंगा, पाकीट आणि डबा हे तिघंही आधी या मापावर आणायचे आणि मगच त्यांची तुलना करायची.

शेंगांपासून सुरुवात करू. अमेरिकेच्या कृषी खात्याने भाज्यांच्या पोषणमूल्यांचे जे तक्ते केले आहेत, त्यांत प्रत्येक भाजीपुढे ‘टाकाऊ भाग किती’ हा आकडाही दिलेला असतो. मटारच्या शेंगांपुढे तो ६२ टक्के आहे. म्हणजे किलोभर शेंगांतून हाती येतात ३८० ग्रॅम दाणे. आपल्याकडचा अनुभवही याच्या जवळपासच आहे. बऱ्या शेंगांतून किलोमागे दीड पाव ते पावणेदोन पाव दाणे निघतात. हंगामाच्या ऐन मध्यावर, शेंगा टच्च भरलेल्या असताना त्याहून थोडे जास्तही मिळतात. हंगाम सुरू होताना मात्र शेंगा चपट्या असतात, दाणे हरभऱ्याएवढेही नसतात आणि किलोतून तीनशे ग्रॅम निघाले तरी नशीब. हंगाम संपतानाचं दुखणं वेगळंच असतं. तेव्हा दाणे मोठे आणि वजनदार असतात, त्यामुळे उतारा छान मिळतो. पण साल जाड, आतून पिठूळ आणि गोडी गेलेली. वजनाचा हिशोब जमला तरी उसळ फसते ती अशी.

शेंग भरलेली आहे का हे बोटांनी कळतं. दोन्ही बाजूंनी दाबली तर आतले दाणे एकमेकांना खेटलेले लागले पाहिजेत. शेंग कानाशी हलवल्यावर खुळखुळली, तर आत मोकळी जागा आहे आणि त्या जागेचेही पैसे आपणच देणार आहोत. मोठी खरेदी असेल तर माझा सल्ला असा की आधी पावशेर शेंगा घ्या, तिथेच किंवा घरी सोला, दाणे तोला आणि चारने गुणा. पावशेरातून ९५-१०० ग्रॅम दाणे निघाले तर माल ठीक आहे. ७५च्या खाली निघाले तर भाव कितीही आकर्षक असो, दुसरा ढीग बघा.

आपल्याकडे मटार वर्षातून दोनदा स्वस्त होतो. पुरंदर आणि पारनेर भागातला मटार पावसाळ्यात बाजारात येतो आणि थंडीत उत्तरेकडचा, मध्य प्रदेशातला मटार येतो. मधल्या महिन्यांत भाव चढलेले असतात. नेमका याच वेळी ‘फ्रोजन महाग पडतं बाई’ आणि ‘ताजे मटार महाग झाले हो’ ही दोन्ही वाक्यं एकाच घरात ऐकू येतात. दोन्हींत तथ्य असतं, फक्त ती कुठल्या भावाला खरी ठरतात हे कुणी मांडून बघत नाही.

मांडणी सोपी आहे. शेंगांच्या भावाला अडीचने गुणलं की सोललेल्या दाण्यांचा भाव येतो. शेंगा ४० रुपये किलो असतील तर दाणे १०० रुपये किलो पडले. शेंगा ८० रुपये झाल्या तर दाणे २०० रुपये. आता समजा फ्रोजन मटारचं अर्धा किलोचं पाकीट १०० रुपयांना आहे, म्हणजे दाणे २०० रुपये किलो. तर बरोबरीचा भाव झाला ८० रुपये. शेंगा ८०च्या खाली असतील तोवर ताजे घ्या, वर गेल्या की पाकीट स्वस्त. हे दर उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या गावच्या भावाने हाच गुणाकार करा. शेंगा बारीक आणि पोकळ असतील तर अडीचऐवजी तीनने गुणा, म्हणजे फसगत होणार नाही. सोलायला लागणाऱ्या वेळेची किंमत मी यात धरलेली नाही. ज्या घरात सोलायला बसल्यावर गप्पा होतात तिथे ती शून्य असते. नोकरीहून सात वाजता परत येणाऱ्या बाईसाठी ती बरीच असते, आणि ती ज्याची त्यानेच ठरवावी.

पाकिटातले मटार ताज्याच्या जागी वजनाला वजन घालता येतात, पण त्यांच्यावर आधी काय झालेलं असतं तेही पाहायला हवं. शेतातून आलेले दाणे सोलून, निवडून, उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून दीडेक मिनिट काढतात. शेंग तोडल्यावरही दाण्यातली विकरं काम करतच राहतात आणि त्यामुळे रंग, वास आणि चव बिघडते. ही वाफ त्यांना थांबवते. मग दाणे लगेच गार करून, खालून सोडलेल्या अतिथंड हवेच्या झोतावर अक्षरशः तरंगत ठेवून गोठवतात. त्यामुळे प्रत्येक दाणा सुटा गोठतो आणि पाकिटातून खडखडत बाहेर पडतो. पुढे उणे १८ अंश सेल्सियसला साठवण. या सगळ्यात दाण्याचं वजन फारसं बदलत नाही, पण तो थोडा शिजलेला असतो. म्हणून वजन तेच ठेवायचं आणि वेळ कमी करायचा. ताज्या मटारला जिथे दहा-बारा मिनिटं लागतात, तिथे पाकिटातल्यांना तीन-चार मिनिटं पुरतात. पुलावात तांदळाबरोबर सुरुवातीलाच घातले तर सुरकुतून जातात. भात मोकळा होत आला की वरून घालून झाकण ठेवावं. आधी वितळवत बसू नये.

पाकीट हातात घेऊन दाबून बघितलं तर बरंच कळतं. दाणे वाळूसारखे सुटे हलले तर उत्तम. आत गोळा झाला असेल तर कुठेतरी, टेम्पोत किंवा दुकानाच्या बंद पडलेल्या फ्रीझरमध्ये, ते एकदा वितळले आणि पुन्हा गोठले आहेत. असे दाणे मऊ पडतात आणि त्यांच्यातून पाणी सुटतं. घरी शंका आलीच तर १०० ग्रॅम दाणे चाळणीत ओतून, पूर्ण वितळू द्यावेत आणि पुन्हा तोलावेत. चार-पाच ग्रॅम कमी भरले तर काही हरकत नाही. फारच घटले तर आपण मटाराच्या भावाने बर्फ विकत घेतला.

आता डबा. वजनाच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे, कारण डब्यावर ठळक अक्षरांत छापलेलं निव्वळ वजन म्हणजे दाणे अधिक मिठाचं पाणी. नीट लिहिलेल्या लेबलवर त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो : ‘ड्रेन्ड वेट’, म्हणजे पाणी निथळून उरलेलं वजन. बहुतेक डब्यांत तो एकूण वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक, साठ टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्याला कामाचा आकडा फक्त हाच. प्रयोगशाळेत तो काढण्याची पद्धतही साधी आहे. ठरावीक जाळीची चाळणी थोडी कलती धरायची, डबा तिच्यावर पसरून ओतायचा, बरोबर दोन मिनिटं निथळू द्यायचा आणि मग तोलायचं. आपल्या घरातली पिठाची नको, पण जरा मोठ्या भोकांची चाळणी आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा यावर हेच करता येतं. दोन मिनिटांहून जास्त ठेवलं की दाणे सुकतात आणि कमी ठेवलं तर पाण्याचंही वजन येतं, म्हणून घड्याळ लावूनच.

डब्यातले मटार ताजेच भरलेले असतील असंही नाही. अनेक डब्यांत वाळवलेले मटार भिजवून, शिजवून भरलेले असतात. घटकांच्या यादीत ‘ड्राइड पीज’ असं लिहिलेलं असेल तर ते हेच. रंग एकसारखा भडक हिरवा दिसत असेल तर त्याच यादीत खाण्याच्या रंगाचं नाव किंवा क्रमांक सापडतो. याउलट ताज्या दाण्यांचे डबे उघडले की मटार शेवाळी, मळकट हिरवे दिसतात. तो दोष नाही. हवाबंद डबा ११५-१२० अंशांच्या वाफेत तापवतात आणि तेवढ्या उष्णतेत पानांना हिरवं ठेवणारं हरितद्रव्य रंग बदलतं. भिजवलेल्या मटारांचा डबा घेऊन पैसे मोजण्यापेक्षा वाण्याकडचे सुके हिरवे वाटाणे रात्री भिजत घालणं केव्हाही स्वस्त. एक किलो सुके वाटाणे भिजून दोन किलोंच्या वर भरतात. फक्त ते ताज्या मटारच्या गोडीचे नसतात. मिसळीला किंवा पॅटिसच्या रगड्याला चालतात, पुलावात नाही.

एक प्रसंग धरून पूर्ण हिशोब करून बघू. घरी वीस माणसांचं जेवण आहे आणि मटारची उसळ हीच मुख्य भाजी आहे. माणशी १०० ग्रॅम दाणे धरले की दोन किलो दाणे लागतील. शेंगा घेतल्या तर ३८ टक्क्यांच्या हिशोबाने सव्वापाच किलो. भरलेल्या असतील तर पाच किलो पुरतील. ४० रुपये भावाने हे २०० ते २१० रुपये. फ्रोजन घेतलं तर अर्ध्या किलोची चार पाकिटं, १०० रुपयांप्रमाणे ४०० रुपये. डबे घेतले आणि समजा डब्यावर निव्वळ वजन ८०० ग्रॅम व निथळलेलं वजन ४५० ग्रॅम आहे, तर दोन हजाराला साडेचारशेने भागून ४.४ डबे येतात, म्हणजे पाच आणावे लागतील. ८०० ग्रॅम हा आकडा बघून अडीच-तीन डबे आणणारा माणूस इथे फसतो. त्याच्या तीन डब्यांतून जेमतेम १,३५० ग्रॅम दाणे निघतात आणि सात पाहुण्यांची उसळ पाण्याबरोबर मोरीत जाते. शिवाय ते पाणी खारट असतं, म्हणून दाणे एकदा धुऊन घ्यावेत आणि फोडणीत मीठ हात राखून घालावं. डब्यातले मटार पूर्ण शिजलेले असल्यामुळे त्यांना उकळी आणायची, शिजवायचं नाही.

या हिशोबात वाट्या आणि कप मुद्दामच आणलेले नाहीत. त्याच अमेरिकी तक्त्यांत एका कपात ताजे कच्चे मटार १४५ ग्रॅम, गोठवलेले १३४ ग्रॅम आणि डब्यातले निथळलेले १७० ग्रॅम मावतात. गोठलेले दाणे टणक असतात, त्यांच्यामध्ये पोकळी राहते. डब्यातले मऊ झालेले असतात, ते दाबून बसतात. म्हणजे कप एकच, पण मटारात पावपट फरक. इथे वाटीपेक्षा काटा बरा.

मक्याचं गणित मटारसारखंच, फक्त वजा होणाऱ्या गोष्टी दोन : बाहेरचं पान-केस आणि मधलं बुरकुंड. पानांसकट स्वीट कॉर्नच्या कणसातला ६४ टक्के भाग टाकाऊ धरतात. तीनशे ग्रॅमचं कणीस सोलून, दाणे सुरीने काढले की १०० ग्रॅमच्या आसपास दाणे मिळतात. म्हणून ‘एका कणसाचे दाणे’ म्हटलं की १०० ग्रॅम फ्रोजन कॉर्न घ्यावं, आणि अर्ध्या किलोचं पाकीट म्हणजे पाच कणसं समजावं. भाज्यावाल्याकडे कणीस नगावर मिळतं, त्यामुळे इथे भावाचा हिशोब मटारपेक्षाही सोपा. पाच कणसांची किंमत आणि पाकिटाची किंमत, बस्स. देशी मका मात्र या बदलात धरू नये. भाजून खायला तो मस्त लागतो, पण त्याचे दाणे पिठूळ असतात आणि सॅलडमध्ये किंवा पुलावात ते स्वीट कॉर्नची जागा घेऊ शकत नाहीत.

अमेरिकेत राहणाऱ्या लेकी-सुनांनी पाठवलेल्या कृतींत ‘एक कॅन कॉर्न’ असं असतं, तिथे हाच प्रश्न उलटा येतो. तिथला नेहमीचा डबा १५ औंसांचा, म्हणजे ४२५ ग्रॅमचा. पाणी काढलं की त्यात अडीचशे ते पावणेतीनशे ग्रॅम दाणे उरतात, म्हणजे आपली तीन कणसं किंवा निम्म्याहून थोडं जास्त पाकीट. पण डब्यावर ‘क्रीम स्टाइल’ लिहिलं असेल तर ही वजाबाकी करायची नाही. त्यात मक्याचाच दाटसर गर असतो, निथळण्यासारखं काही नसतं, पूर्ण डबा वापरायचा. हॉटेलसारखं स्वीट कॉर्न सूप घरी करताना ते याच डब्याने जमतं. तो नसेल तर निम्मे दाणे मिक्सरमधून काढावेत, निम्मे अख्खे ठेवावेत. तिथे ‘व्हॅक्यूम पॅक’ असाही एक प्रकार मिळतो. त्यात पाणी नावापुरतंच असतं, म्हणून छोटा दिसणारा तो डबा मोठ्या डब्याइतकाच मका देतो.

फरसबीत हिशोब करण्यासारखं फार नाही. टोकं आणि शिरा काढल्या की किलोमागे सव्वाशे ग्रॅमच्या आत वजा होतं. ८८० ग्रॅम हातात राहतात. त्यामुळे ताज्या फरसबीचा भाव आणि पाकिटाचा भाव जवळजवळ सरळ समोरासमोर ठेवता येतो, अडीचची गुणाकारी इथे लागू नाही. बहुतेक वेळा ताजीच स्वस्त पडते आणि मला विचाराल तर घ्यावीही ताजीच. गोठताना बर्फाचे कण शेंगेच्या पेशी फाडतात, त्यामुळे वितळल्यावर फरसबी लिबलिबीत होते. व्हेज कुर्म्यात किंवा पावभाजीत ते कळत नाही; खोबरं घालून परतलेल्या सुक्या भाजीत लगेच कळतं. डबाबंद फरसबी आपल्या घरांत येतच नाही. अमेरिकेत ती घरोघरी असते, आणि तिथल्या ४११ ग्रॅमच्या डब्यातूनही निथळून निम्म्याच्या थोडी वर, सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम फरसबी मिळते.

थंडीत मटार स्वस्त असताना घरी गोठवणारे बरेच जण दाणे सोलून तसेच पिशवीत भरतात आणि महिन्याभराने वास आला, रंग गेला अशी तक्रार करतात. दाणे उकळत्या पाण्यात दीड मिनिट घालावेत. पाणी भरपूर हवं, अर्ध्या किलो दाण्यांना चार लिटर, म्हणजे दाणे पडल्यावर उकळी मोडत नाही. मग बर्फाच्या पाण्यात गार करून, पंच्यावर पूर्ण कोरडे करून, ताटात एका थरात रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि सकाळी पिशवीत भरावेत. ओले भरले तर पिशवीत दगड होतो. पिशवीवर तारखेबरोबर दाण्यांचं वजनही लिहून ठेवावं. जूनमध्ये ती पिशवी काढताना आत शेंगांचा नव्हे तर दाण्यांचा हिशोब आहे, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि डबा घ्यायचाच असेल तर दुकानातच तो फिरवून निथळलेलं वजन शोधा. त्या आकड्याने किंमतीला भागा आणि मगच टोपलीत टाका. ज्या डब्यावर तो आकडा छापलेलाच नाही, तो परत फळीवर ठेवा.